फोटोवरून कुत्र्याचा पंजा कसा वाचायचा: नखं, भेगा आणि अंगठ्याचं नख

पंजाचे दहा फोटो आले तर त्यातले सात मला परत मागवावे लागतात. मी रत्नागिरीत कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं ही कामं करतो. डॉक्टर नाही. पण दापोलीपासून राजापुरापर्यंतचे ओळखीचे लोक व्हॉट्सॲपवर पंजाचा फोटो टाकतात आणि खाली एकच ओळ असते, "बघ रे जरा, नखं वाढलीत का?" तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रं न्यायचं म्हणजे रिक्षा ठरवा, त्याचं तोंड बांधा, धरायला दोन माणसं शोधा. त्यापेक्षा आधी फोटो, हे साहजिकच आहे.

यंदा माघात गुहागरच्या मावशीचे तीन फोटो आले. तिचा काळ्या नऊ वर्षांचा, गावठी, नखंसुद्धा काळीच. रात्री ओटीवर पडलेला असताना फ्लॅश मारून काढलेले फोटो, पंजा तेलाने चकचकीत आणि हळदीने पिवळा. खाली मजकूर: "पायाला भेगा पडल्यात, लंगडतोय. खोबरेल आणि हळद लावतेय, फरक नाही." त्या तीन फोटोंतून मला फक्त एवढंच कळलं की मावशीकडे हळद चांगली आहे. मग तिला फोनवर बसवून पुन्हा फोटो काढायला लावले. ते कसे काढले आणि त्यातून काय दिसलं, हे क्रमाने सांगतो.

फोटो काढण्याआधी

पाय साध्या पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसायचे. आपल्याकडे ही पायरी टाळून चालतच नाही. पुळणीवरून आलेल्या कुत्र्याच्या गादीवर, म्हणजे पंजाखालच्या जाड काळ्या कातडीवर, ज्या बारीक रेषा असतात त्यांत रेती बसते. फोटोत ती पांढरी रेघ खोल चीर वाटते. वाडीत किंवा अंगणात फिरणाऱ्याच्या पायात लाल माती बसते आणि ती रक्तासारखी दिसते. तेल, हळद, मलम काही लावलं असेल तर तेही जायला हवं. ओल्या गादीचा फोटोही काढू नये, कारण ओलाव्याने कोरडी भेग तात्पुरती मिटते.

उजेड दिवसाचा हवा, पण ऊन नको. पडवीत सकाळी नऊ-दहाला जो उजेड असतो तो सगळ्यात चांगला. फ्लॅशने काळ्या नखावर पांढरा ठिपका पडतो आणि नेमकं टोक दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली तर साधी गुलाबी कातडीही सुजल्यासारखी लाल दिसते. शेजारी वहीचा कोरा कागद ठेवला तर फोटो बघणाऱ्याला रंगाचा अंदाज येतो. कागदच फोटोत पिवळा दिसत असेल तर कातडीच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही.

फोन पंजाला चिकटवू नका. चार बोटांवरून फोटो काढला की पुढचं नख फुगून मोठं दिसतं आणि मागची बारीक होतात. वीतभर तरी लांब राहा आणि दुप्पट झूम करा. पंजाच्या बाजूला, त्याच अंतरावर, शाळेतली पट्टी धरा. पट्टी पुढे धरली तर तिचाही उपयोग नाही. आणि कागदावर लिहा: पुढचा उजवा, मागचा डावा. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत काही फोन डाव्याचं उजवं करतात. कोणता पाय ते नंतर कुणालाच आठवत नाही.

प्रत्येक पायाचे तीन बाजूंनी फोटो लागतात: उभा असताना बाजूने, पाय उचलून खालून, आणि पायाच्या आतल्या अंगाने. दुखरा पाय एकच असला तरी चारही पायांचे काढायचे. याचं कारण पुढे येईल. पाठवताना एचडी पर्याय निवडा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो एवढा दाबतं की भेगेची कडच पुसली जाते.

बाजूचा फोटो: नखांची लांबी

लांबी ठरवायला फक्त उभ्या कुत्र्याचा फोटो धरायचा. पाय हातात घेऊन बोट दाबलं की नख बाहेर सरकतं आणि आहे त्यापेक्षा लांब दिसतं. पडलेल्या कुत्र्याचा पंजा सैल असतो, त्यावरूनही काही ठरत नाही. जमीन कडक, सपाट आणि न घसरणारी हवी. कोबा किंवा शहाबादी फरशी उत्तम. गुळगुळीत टाइल्सवर कुत्रं घसरायला नको म्हणून बोटं फाकवून नखं रोवतं. रेतीत नखं अर्धी बुडतात. आणि फोन जमिनीला टेकवून काढायचा, वरून नाही. वरून काढलेल्या फोटोत सगळ्यांचीच नखं लांब दिसतात.

आता नखाच्या टोकाखाली बघायचं. तिथे फट दिसली, एखादा कागद सरकेल एवढी, तर लांबी ठीक आहे. टोक जमिनीला नुसतं टेकलंय तर कापायला झालंय. टोक टेकून नख वर ढकललं गेलंय आणि त्यामुळे बोटाचं पेर उचललं गेलंय किंवा बोट एका बाजूला वळलंय, तर बरेच महिने काम राहून गेलंय. अशा कुत्र्याचा भार बोटांवरून मागे, गादीच्या मागच्या कडेवर जातो. घरात चालताना टकटक आवाज येतो का, हे फोटोत कळत नाही, म्हणून ते मी फोनवर विचारतो.

काळ्याच्या पुढच्या दोन्ही पायांची टोकं टेकलेली होती, मागच्यांची नाहीत. हे नेहमीचंच. मागचे पाय जमीन रेटतात, त्यामुळे त्यांची नखं जास्त झिजतात. पण काळ्याची पुढची नखं पूर्वी कधी कापावी लागली नव्हती. विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी चिऱ्याच्या गडग्याला लोखंडी गेट बसवलं आणि अंगणात टाइल्स घातल्या. त्याआधी हा गडी दिवसभर पाखाडीवरून खाली पुळणीपर्यंत हुंदडायचा. जांभा म्हणजे कानसच. तो सुटला आणि नखं वाढायला लागली.

चारही पायांचे फोटो का, तर पायांची तुलना करता यावी म्हणून. पुढच्या दोन पायांत एकाचीच नखं स्पष्ट लांब असतील तर त्या पायावर कुत्रं भार कमी टाकतंय, म्हणजे दुखणं तिथे आहे. काळ्याच्या उजव्या पुढच्या पायाची नखं डाव्यापेक्षा जराशी लांब आणि टोकाला कमी घासलेली होती. मावशी मात्र सांगत होती, "डाव्या पायाने लंगडतो." लंगडताना डोकं ज्या पायावर खाली जातं तो चांगला पाय असतो, पण लोक तोच दुखरा समजतात. इथे नखांनी खरं सांगितलं.

मागच्या पायांच्या फोटोत एक गोष्ट मी मुद्दाम शोधतो. मधल्या दोन नखांचा वरचा, पाठीकडचा भाग घासून सपाट झालाय का? नख टोकाला झिजतं, पाठीला झिजत नाही. पाठ झिजली असेल तर कुत्रं पाय पूर्ण न उचलता फरफटवतंय, आणि ते कंबरेचं, मणक्याचं किंवा नसेचं दुखणं असू शकतं. तिथे नेलकटरचा विषयच संपतो, डॉक्टरच हवा.

खालचा फोटो: भेगा

चिरा म्हटलं की आपल्याकडे जांभ्याचाच डोळ्यांसमोर येतो, पण गादीवरच्या चिराही जांभ्याच्या जमिनीवर कमी नसतात. गादी मुळात खरखरीतच असावी. तिच्यावर लहान लहान टोकं असतात आणि त्यांच्यामध्ये रेषा. नव्या माणसाला हीच भेग वाटते. म्हणून खालून दोन फोटो काढायला सांगतो: एक गादीला हात न लावता, दुसरा अंगठ्याने गादी हलकेच बाजूला ताणून. ताणल्यावर रेषेचा तळ गादीच्याच रंगाचा दिसला तर तो कोरडेपणा. रेष उघडली आणि आत गुलाबी किंवा लाल दिसलं, कड सुटी होऊन लोंबत असली, तर ती जखम आहे, आणि तिथे खोबरेलाचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न: भेगा कुठे आहेत? एकाच पायाच्या एकाच गादीवर असतील तर काहीतरी लागलंय. शिंपला, कालवाची धार, काच, तारेचा तुकडा. चारही पायांवर सारख्या असतील तर कारण जमिनीत किंवा शरीरात आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या डांबरावरून चालवलेलं कुत्रं, रोज खाऱ्या पाण्यात जाऊन पाय न धुता झोपणारं कुत्रं, कडक फिनाइलने पुसलेल्या फरशीवर राहणारं कुत्रं, या सगळ्यांच्या चारही गाद्या कोरड्या होतात. आणि गादीच्या कडेला, जिथे जमीन घासत नाही तिथे, केसांसारखे किंवा कुंचल्यासारखे कडक तंतू वाढलेले दिसले तर ते बहुतेक वयामुळे. म्हाताऱ्या कुत्र्यांत मी ते नेहमी बघतो.

पण चारही गाद्या लाकडासारख्या जाड झाल्यात, सोबत नाकाचा शेंडाही कडक होऊन तडकलाय, आणि कुत्रं लहान किंवा लस न दिलेलं असून डोळ्यांतून-नाकातून पाणी, ताप, खोकला आहे, तर फोटो पाठवत बसू नका. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगात असं होतं. गाद्यांवर खपल्या आणि नाकावर, कानांवरही खपल्या, हेही डॉक्टरचंच काम.

पावसाळ्यात चित्र पार उलटं असतं. मृगापासून गणपतीपर्यंत मला कोरड्या भेगांचे फोटो जवळपास येतच नाहीत. येतात ते बोटांच्या बेचक्यांचे: लाल, ओलसर, केस विटकरी रंगाचे झालेले. तो रंग रक्ताचा नसतो, सतत चाटल्याने लाळेचा चढलेला असतो. बेचकीत गोचीड बसलाय का तेही फोटो मोठा करून बघावं. राखाडी वाटाण्यासारखा दिसतो आणि लोक त्याला मस समजतात. ओलसर रेतीत आणि वाडीच्या सावलीत वावरणाऱ्या कुत्र्याचे पाय लाल आणि गाद्या मऊ, फुगीर झाल्या असतील तर अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून शिरत असण्याची शक्यता असते. फोटोवरून ते सिद्ध होत नाही, शी तपासावी लागते.

काळ्याच्या चारही पायांवर रेषा होत्या. धुतल्यावर निम्म्या गायब, कारण ती रेती होती. उरलेल्या ताणून बघितल्या तर तळ काळाच. म्हणजे थोडा कोरडेपणा, बाकी काही नाही. याला पाय धुऊन कोरडे करणं आणि रात्री व्हॅसलीनचा अगदी पातळ हात, दहा मिनिटं मोजा घालून, एवढंच पुरतं. खोबरेलही चालतं, पण टाइल्सवर कुत्रं घसरतं आणि मुंग्या लागतात. माणसांची टाचेची क्रीम आणि दुखण्यावरची जेल अजिबात नको. कुत्रं पाय चाटतंच, आणि डायक्लोफिनॅकसारखं औषध त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

पण असा कोरडेपणा कुत्र्याला लंगडवत नाही. म्हणजे मावशीला जे कारण वाटत होतं ते नव्हतं.

आतल्या अंगाचा फोटो: अंगठ्याचं नख

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या खाली, जमिनीपासून वर एक नख असतं. आपल्या अंगठ्याच्या जागी. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे जांभ्यावर दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याचंही ते झिजत नाही. साधारण कुत्र्याला एकूण अठरा नखं: पुढे पाच-पाच, मागे चार-चार. काहींना मागेही अशी नखं असतात आणि गावात तो वीस नखांचा म्हणून मिरवला जातो. मिरवायला हरकत नाही, पण मागची ती नखं बऱ्याचदा नुसत्या कातडीला लोंबलेली असतात आणि कशातही अडकतात. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

या फोटोसाठी केस ओल्या हाताने वर सारायचे, म्हणजे नख मुळापासून टोकापर्यंत दिसेल. टोक दिसलं पाहिजे, हा एकच नियम. टोक दिसत असेल तर ते कातडीपासून किती लांब आहे बघा. सरळ, किंचित वाकलेलं, मध्ये मोकळी जागा, तर ठीक. चंद्रकोरीसारखं वळून कातडीकडे आलंय पण मध्ये कागद जातो, तर याच आठवड्यात कापा. टोक कातडीला लागलंय आणि तिथे खळगा किंवा टक्कल पडलंय, तर आज. आणि टोकच दिसत नसेल तर ते आत गेलंय असंच धरून चाला.

काळ्याच्या डाव्या पायाचं टोक दिसत होतं. उजव्याचं नख गोल फिरून केसांत गेलेलं, आणि तिथले केस काळ्या कुत्र्याच्याही अंगावर विटकरी उठून दिसत होते. मावशीला म्हटलं, केस बाजूला कर. ती म्हणाली, "करू देत नाही रे, गुरगुरतो." बस, तिथेच थांबलो. गुरगुरणं हीसुद्धा माहितीच. जबरदस्तीने काढलेला फोटो चावा घेऊन संपतो. नख कातडीला टेकलंय, बहुतेक वरवर, असा माझा अंदाज होता. तरी कुठे टेकलंय ते दिसत नाही म्हणून दवाखान्यात न्यायला सांगितलं.

माझा अंदाज चुकला. डॉक्टरांनी तोंड बांधून, जागा बधिर करून नख कापलं तेव्हा टोक जवळजवळ तीन मिलिमीटर आत रुतलेलं निघालं आणि खाली पू होता. वास यायला लागलाच होता म्हणे, पण मावशीला तो सुक्या बांगड्यांचा वाटला. खोली फोटोत दिसत नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं, नुसतं टेकलेलं आणि आत गेलेलं. म्हणूनच रुतलेलं नख घरी ओढून काढू नये. आत काय आहे ते माहीत नसतं, आणि कातडीतून तुकडा तुटून आत राहिला तर जखम भरत नाही. काळ्याला जखम धुवायचं औषध आणि प्रतिजैविकं मिळाली, दहा दिवसांत तो नीट चालायला लागला.

बाकीची काळी नखं कापताना

पांढऱ्या नखात गुलाबी जिवंत भाग दिसतो, त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्यात तो दिसत नाही. अशा वेळी नखाचा खालून फोटो काढून मोठा करा. टोकाकडे खालच्या बाजूला पन्हळीसारखी खाच असते, आणि मुळाकडे जाताना ती भरीव होते. पन्हळ आहे तेवढाच भाग कापायला मोकळा, तोही एकदम नाही. मिलिमीटरभराचा काप घ्यायचा आणि कापलेल्या तोंडाकडे बघायचं. कोरडं, पांढरट, भुकटीसारखं असेल तर आणखी एक काप चालेल. मधोमध गोल, गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. पहिल्या काही वेळा प्रत्येक कापानंतर फोटो काढून मोठा करून बघावा. नुसत्या डोळ्याला तो ठिपका चटकन दिसत नाही.

रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट लावून स्वच्छ फडक्याने घड्याळ लावून पाच मिनिटं दाबायचं. मध्ये उघडून बघायचं नाही. तेवढ्यानेही थांबलं नाही तर दवाखाना.

फार वाढलेलं नख एकदम आखूड करता येत नाही, कारण आतला जिवंत भागही त्याच्यासोबत पुढे आलेला असतो. दर आठ दिवसांनी थोडं थोडं कापत गेलं की तो मागे सरतो. काळ्याला दोन महिने लागले. मावशी दर रविवारी पडवीत कोरा कागद आणि पट्टी ठेवून फोटो पाठवायची. पाचव्या रविवारी पुढच्या नखांखाली फट दिसली, आठव्याला कागद सहज सरकला. अंगठ्याचं नख आता महिन्यातून एकदा, तारीख ठरवून. परवा तिने चारही पायांचे फोटो पाठवले, उजेड मस्त, पट्टी बरोबर जागेवर, टोकं स्पष्ट. फक्त चारही कागदांवर "पुढचा उजवा" लिहिलेलं होतं.